ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो: रिपल, रोल, स्लिप आणि स्लाइडमध्ये सिंक कुठे तुटतं

तक्रार साधारण अशी असते. मुलाखत नीट लावलेली होती, रेकॉर्डरचा आवाज जुळवलेला होता, दोन-चार कट आवळले आणि शेवटी पाहिलं तर अर्ध्यापासून पुढे माणूस बोलतोय एक आणि ऐकू येतंय मागचं. मग `Ctrl+Z` दाबत मागे जायचं, किंवा एकेक तुकडा हाताने सरकवत बसायचं. दोन्ही उपाय वेळखाऊ आहेत. शिवाय कारण न कळल्यामुळे पुढच्या प्रोजेक्टमध्ये तेच पुन्हा होतं.

खालची माहिती विंडोजवरच्या प्रीमिअर प्रोच्या हिशेबाने दिली आहे. इतर सॉफ्टवेअरमध्ये बटणं वेगळी असतात, पण चारही टूल्सचं गणित तेच राहतं.

आधी कुठे तुटलंय ते बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी टाइमलाइन सुरुवातीपासून चालवा आणि सिंक नक्की कोणत्या कटपासून बिघडतं ते शोधा. बिघाडाच्या आकारावरूनच कोणत्या टूलने तो झाला ते कळतं. प्रत्येक टूल काय करतं ते पुढच्या भागात आहे.

एका कटपासून पुढे शेवटपर्यंत सगळं सारख्याच फरकाने चुकत असेल, तर तो रिपल आहे. फरक प्रत्येक कटला पायरीपायरीने वाढत असेल, तर तेही रिपलच, फक्त अनेक वेळा झालेलं. मधला एकच तुकडा चुकलाय आणि त्याच्या आधीचं, नंतरचं सगळं बरोबर आहे, असं असेल तर स्लिप किंवा स्लाइड. त्यातही तुकड्याच्या दोन्ही बाजूंचे कट जिथल्या तिथे असतील तर स्लिप आणि कटच सरकलेले असतील तर स्लाइड. आणि न कापलेल्या एकाच लांब तुकड्यात सुरुवात बरोबर असून हळूहळू फरक पडत जात असेल, तर ट्रिमिंगचा त्याच्याशी संबंध नाही. मोबाइलवरचं बदलत्या फ्रेम रेटचं शूटिंग किंवा कॅमेरा आणि रेकॉर्डरच्या घड्याळांतला फरक हे त्याचं कारण असतं. त्याचा इलाज वेगळा आहे, इथे तो घेतलेला नाही.

पायरीपायरीने वाढणारा फरक विशेष फसवा असतो. 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. आवाज आणि चित्राच्या जुळणीबाबत आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी शिफारस आहे, तिच्यात फरक जाणवू लागण्याची मर्यादा आवाज 45 मिलिसेकंद आधी आला किंवा 125 मिलिसेकंद उशिरा आला, अशी दिली आहे. म्हणजे आवाज दोन फ्रेम मागे पडला तर बहुतेकांना कळतही नाही. पुढच्या कटला आणखी दोन फ्रेम जातात, तिसऱ्या कटला आणखी दोन. एडिटर प्रत्येक कट करताना तो पाहतो आणि त्याला तो ठीक वाटतो. दहाव्या कटला मात्र बोलणारा माणूस डबिंग केल्यासारखा दिसायला लागतो, आणि दोष दहाव्या कटला दिला जातो.

फरक मोजायचा तर ओठ मिटणारा वर्ण शोधा: प, ब, भ, म. खाली उदाहरणात येणाऱ्या गुऱ्हाळावरच्या मुलाखतीत ‘पाक’ हा शब्द दर मिनिटाला येतो, तो यासाठी उत्तम. मिटलेले ओठ ज्या फ्रेमला उघडतात तिथे प्लेहेड थांबवा. ध्वनिलहरीत ‘पा’चा उभा ठोका कुठे आहे ते पाहा. बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम मोजत तिथपर्यंत जा. हा आकडा लिहून ठेवा, दुरुस्ती त्याच आकड्याने करायची आहे.

चार टूल्स नक्की काय हलवतात

प्रत्येक टूलबद्दल एकच प्रश्न विचारा: टाइमलाइनवरची कोणती फ्रेम तिच्या जागेवरून हलली? जी फ्रेम हलते तिचा आवाजही तितकाच हलायला हवा. जी हलत नाही तिचं सिंक तुटू शकत नाही.

रोल, म्हणजे `N`, दोन तुकड्यांमधला कट पुढे-मागे नेतो. डावा तुकडा जेवढा वाढतो तेवढाच उजवा कमी होतो. दोन्ही तुकड्यांतली प्रत्येक फ्रेम टाइमलाइनवर जिथे होती तिथेच राहते, फक्त कोणाची फ्रेम दिसणार ते बदलतं. म्हणून रोलने सिंक मोडूच शकत नाही. `Alt` धरून फक्त चित्राचा कट रोल केला, आवाजाचा नाही केला, तरीही सिंक शाबूत राहतं. समोरच्याचा आवाज आधी सुरू करून चेहरा नंतर दाखवायचा असतो तेव्हा हीच पद्धत वापरतात. नवशिक्यांनी सगळ्यात आधी हे टूल हाताखाली घालावं, असं आमचं ठाम मत आहे. निम्मे कट खरं तर रोलनेच सुधारतात, पण लोक सवयीने रिपल वापरतात.

रिपल, म्हणजे `B`, तुकड्याची एक कड कमी-जास्त करतो आणि पुढचं सगळं तितकंच ओढून घेतो, रांगेतला एक जण निघाला की मागचे सगळे पुढे सरकतात तसं. कार्यक्रमाची लांबी बदलते. कटच्या पुढची प्रत्येक फ्रेम हलते, म्हणून धोकाही इथेच सगळ्यात मोठा. एका ट्रॅकने ओढ ऐकली आणि दुसऱ्याने ऐकली नाही की तिथून शेवटपर्यंत सिंक गेलं.

स्लिप, म्हणजे `Y`, तुकड्याची जागा आणि लांबी तशीच ठेवून आतला मजकूर बदलतो. कट हलत नाहीत, शेजारी हलत नाहीत, पण त्या तुकड्यातली प्रत्येक फ्रेम बदललेली असते. स्लाइड, म्हणजे `U`, उलट करतो: तुकडा जसाच्या तसा उचलून पुढे-मागे नेतो आणि शेजाऱ्यांच्या कडा त्याला जागा करून देतात. शेजाऱ्यांच्या उरलेल्या फ्रेम जागच्या जागी असतात, त्यामुळे त्यांचं सिंक टिकतं. बिघडू शकतं ते फक्त सरकवलेल्या तुकड्याचं.

स्लिप किंवा स्लाइड करताना प्रोग्राम मॉनिटरवर चार चित्रं दिसतात, दोन मोठी आणि दोन लहान. मोठी चित्रं बदलत असतात, लहान स्थिर असतात. स्लिपमध्ये मोठी चित्रं तुमच्याच तुकड्याची पहिली आणि शेवटची फ्रेम दाखवतात, स्लाइडमध्ये शेजाऱ्यांच्या कडा. कोणतं टूल हातात आहे याबद्दल शंका असेल तर माउस सोडण्याआधी हे पाहून घ्या.

गुऱ्हाळाच्या फिल्मचं उदाहरण

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरची सहा मिनिटांची फिल्म समजा. `V1` वर गुळव्याची मुलाखत, `A1` वर कॅमेऱ्याचा आवाज, चित्राशी जोडलेला पण बंद ठेवलेला. `A2` वर कॉलरला लावलेल्या माइकचा रेकॉर्डरमधला आवाज, हातात येणारा खरा आवाज हाच. तो जुळवून ठेवलाय आणि `V1` जिथे कापलंय तिथेच कापलाय, पण चित्राशी जोडलेला नाही. `V2` वर काहील, चुलवण, साच्यातून निघणाऱ्या ढेपा. `A3` वर संगीताचे दोन तुकडे, एकाला चिकटून दुसरा. टाइमलाइन 25 फ्रेमची.

चौथ्या तुकड्याचा शेवट `00:01:20:10` ला आहे. वाक्य संपल्यावर गुळव्या जरा थांबलाय, त्या शेवटच्या 12 फ्रेम काढायच्या आहेत. रिपल टूल घेतलं, `V1` ची कड डावीकडे ओढली, आणि ती ओढली जाईना. कारण `A3` वर आहे, आणि `A2` वरही. संगीताचा पहिला तुकडा या कटवरून पुढे गेलेला आहे, तो जागचा हलत नाही. त्याला चिकटलेल्या दुसऱ्या तुकड्याला 12 फ्रेम डावीकडे यायचंय, पण तिथे पहिला बसलाय. `A2` वरही तसंच, पाचव्या तुकड्याला मागे यायला चौथा जागा देत नाही. जागा नाही, म्हणून ट्रिम अडतो.

बिघाड नेमका या क्षणी होतो. अडलेलं मोकळं करायला `A3` चं `Sync Lock`, म्हणजे रिपलसोबत ट्रॅकलाही सरकवणारं सेटिंग, बंद करायचं हे बरोबर आहे, पण ते `Shift` धरून क्लिक केलं जातं, आणि `Shift` ने त्या प्रकारच्या सगळ्या ट्रॅकचं `Sync Lock` एकदम बदलतं. आता `A1`, `A2`, `A3` तिन्ही बंद. ट्रिम सुरळीत होतो. `V1` आणि त्याला जोडलेला `A1` 12 फ्रेम मागे येतात, `V2` चं `Sync Lock` चालू असल्यामुळे काहिलीची दृश्यंही येतात. `A2` मात्र जिथे होता तिथेच. इथून पुढे गुळव्याचा आवाज 12 फ्रेम, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद, उशिरा.

आणि प्रोग्राम काहीच सांगत नाही. सिंक बिघडलं की तुकड्याच्या कोपऱ्यात फरकाचा लाल आकडा दिसतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण तो आकडा फक्त एकमेकांना जोडलेल्या तुकड्यांमध्ये दिसतो. `V1` आणि `A1` जोडलेले आहेत आणि एकत्र हललेत, त्यांच्यात फरक नाही. `A2` कुणाचा कोण, हे प्रोग्रामला ठाऊकच नाही. म्हणून लाल आकडा नाही याचा अर्थ सिंक ठीक आहे, असा घेऊ नका.

याची दुरुस्ती अशी. तुकडे हाताने डावीकडे सरकवू नका, कारण सरकवलेला तुकडा आधीच्याची शेपटी खातो. तिन्ही आवाजांचं `Sync Lock` बंदच आहे, आता `V1` आणि `V2` चंही बंद करा. रिपल टूल घेऊन `A2` वरच्या चौथ्या तुकड्याची शेवटची कड निवडा. `Ctrl` आणि डावा बाण दाबला की एक फ्रेम जाते, सोबत `Shift` धरलं की पाच. दोनदा पाच आणि दोनदा एक, झाल्या 12. `A2` वरचं पुढचं सगळं 12 फ्रेम मागे आलं. ‘पाक’ शब्दावर जाऊन ओठ आणि लहर तपासा, मग फिल्मच्या शेवटच्या मिनिटातला एखादा ‘प’ किंवा ‘ब’ तपासा. दोन्ही जागी जुळलं तर सगळ्या ट्रॅकचं `Sync Lock` पुन्हा चालू करा. हे शेवटचं विसरलं की पुढच्याच ट्रिमला खेळ पुन्हा सुरू.

मुळातच हे टाळायचं असतं तर काय करायचं? फक्त `A3` चं `Sync Lock` साध्या क्लिकने बंद करायचं. रिपल टूलने `V1` ची कड निवडायची, `A1` सोबत येतोच. `Shift` धरून `A2` ची कडही निवडीत घ्यायची. मग वरच्याच पद्धतीने 12 फ्रेम काढायच्या. तिन्ही ट्रॅक एकत्र आवळले जातात.

त्याहून पक्का उपाय म्हणजे कापाकापीच्या आधीच आवाज चित्राला जोडणं. रेकॉर्डरचा आवाज जुळवून झाला की त्याची दोन्ही टोकं चित्राएवढी करा. `V1` आणि `A1` निवडून `Unlink` करा, मग `V1`, `A1`, `A2` तिन्ही निवडून `Link` करा. यानंतर `Linked Selection` चालू असेपर्यंत रेझर तिघांनाही एकत्र कापतं, रिपल तिघांनाही एकत्र आवळतं, आणि चुकून एखादा निसटलाच तर लाल आकडा दिसतो. त्या आकड्यावर उजवं क्लिक केलं की दोन पर्याय येतात. `Move into Sync` तुकड्याची जागा बदलतो आणि शेजाऱ्यावर चढू शकतो. `Slip into Sync` जागा तशीच ठेवून आतला मजकूर सरकवतो. कट बरोबर बसलेले असतील तर दुसरा निवडा.

`Q` आणि `W` या बटणांची गोष्टही याच कारणासाठी सांगायला हवी. प्लेहेडपर्यंतचा भाग कापून पुढचं ओढून घेणारी ही बटणं आहेत, म्हणजे रिपलच. पण ती कापतात फक्त टार्गेट केलेल्या ट्रॅकवर, ज्याचं नाव ट्रॅकच्या डोक्यावर निळं झालेलं असतं. `A2` निळा नसेल आणि जोडलेलाही नसेल, तर तो कापला जाणार नाही. पटापट काम होतं म्हणून ही बटणं आवडतात, आणि सिंक पटापट बिघडण्याचंही तेच कारण ठरतं.

आवाज अखंड असेल तेव्हा

दोन कॅमेऱ्यांवर घेतलेलं भाषण किंवा गाणं असेल, तर खाली एकच न कापलेला आवाज असतो आणि वर चित्र इकडून तिकडे बदलतं. इथे `Sync Lock` चालू असूनही रिपल घात करतो. `Sync Lock` कटच्या पुढे सुरू होणाऱ्या तुकड्यांना हलवतो. कटवरून आरपार गेलेला तुकडा तो हलवत नाही. चित्र मागे येतं, अखंड आवाज जागेवर राहतो. सगळी सेटिंग्ज बरोबर असतात आणि तरी सिंक जातं, त्यामुळे माणूस चक्रावतो.

म्हणून अखंड आवाजावरच्या चित्राच्या कटला फक्त रोल वापरा. मधला भाग खरोखरच काढून टाकायचा असेल तर त्या भागाच्या दोन्ही टोकांना `Ctrl+Shift+K` ने सगळे ट्रॅक कापा, मधले सगळे तुकडे निवडा आणि `Shift+Delete` करा. संगीत कापायचं नसेल तर त्या ट्रॅकला आधी कुलूप लावा. कुलूप लावलेला ट्रॅक कापला जात नाही आणि सरकतही नाही.

स्लिप कधी चालतो

कोल्हापूरच्या खासबागेतल्या कुस्तीचं चित्रण घ्या. खाली हलगीचा अखंड आवाज, वर 75 फ्रेमचा तुकडा, त्यात मल्ल ढाक लावतो. डाव तुकड्याच्या अगदी शेवटी येतोय, 10 फ्रेम लवकर यायला हवा. स्लिप टूलने तुकडा डावीकडे ओढा. डावीकडे ओढलं की नंतरचं चित्रण आत येतं, उजवीकडे ओढलं की आधीचं. तुकड्याच्या शेवटाबाहेर निदान 10 फ्रेमचं शिल्लक चित्रण असायला हवं, नसेल तर टूल तिथेच थांबतं. तो बिघाड नाही, पुढे चित्रणच नाही.

चौकटीत फक्त मल्ल असतील तर हे बिनधोक आहे. कडेला हलगीवाला दिसत असेल तर मात्र थांबा. त्याची काडी कातड्यावर पडते तो क्षण आता आवाजाशी 10 फ्रेमने चुकतो, आणि हलगीच्या ठोक्याला हा फरक बोलण्यापेक्षाही ठळक दिसतो. नियम एवढाच: ज्याचा आवाज खाली वेगळा चालू आहे आणि तो आवाज काढणारी वस्तू किंवा माणूस चौकटीत आहे, त्या तुकड्याला स्लिप नको, स्लाइडही नको. गुळव्याच्या बोलत्या चेहऱ्याला तर नकोच. आवाज नीट जोडलेला असला, तरी स्लिपने वाक्याचा भलताच भाग तुकड्यात येतो, आणि स्लाइडने शेजारच्या तुकड्यांतले शब्द कापले जातात.

काहिलीतून उसळणारा पाक, साच्यात ओतला जाणारा गूळ, असल्या दृश्यांना मात्र दोन्ही टूल मनसोक्त वापरा. नेमका क्षण पकडायला स्लिप, आणि क्षण बरोबर आहे पण दृश्य वाक्याच्या पुढच्या शब्दावर यायला हवं, तेव्हा स्लाइड.

कामाचा क्रमही यावरूनच ठरतो. लांबी बदलणारे सगळे रिपल आधी संपवा, त्या वेळी चित्र आणि आवाजाचे कट एकाच रेषेत असू द्या. मग दृश्यांचं स्लिप आणि स्लाइड करा. चित्राआधी आवाज आणणारे रोल सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला, म्हणजे पायऱ्या पाडलेल्या कटवर नंतर एकट्या चित्राचा रिपल केला, की कोणता तुकडा कटच्या पुढे आहे आणि कोणता आरपार आहे हे प्रत्येक ट्रॅकवर वेगळं ठरतं, आणि काही ट्रॅक हलतात, काही राहतात.

दाविंची रिझॉल्ववर काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात: `T` दाबलं की ट्रिम मोड येतो, आणि कर्सर कुठे आहे यावर टूल ठरतं. कडेवर रिपल, नेमक्या कटवर रोल, तुकड्याच्या वरच्या भागात स्लिप, खालच्या नावाच्या पट्टीवर स्लाइड. माउस दोन मिलिमीटर खाली गेला की स्लिपचा स्लाइड होतो, म्हणून दाबण्याआधी कर्सरचा आकार पाहा. इथे `Sync Lock` चं काम `Auto Track Selector` करतो. तो ज्या ट्रॅकवर बंद असेल तो ट्रॅक रिपलमध्ये हलत नाही.